फ्रीलान्सरचं काम दुरुस्तीला परत पाठवायचंय, मधला हप्ता द्यायचा की थांबवायचा?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ ठाण्यात घरून गोडा मसाला, मेतकूट आणि कुळथाचं पीठ विकतो, आतापर्यंत साध्या स्टिकरवर चालू होतं पण नौपाड्यातल्या एका दुकानदाराने सांगितलं की नीट लेबल आणि बारकोड असेल तरच शेल्फवर ठेवतो. म्हणून खारघरच्या एका फ्रीलान्स डिझायनरला तीन लेबलं दिली. एकूण २४,००० ठरले. ४० टक्के आधी दिले, ४० टक्के पहिला ड्राफ्ट आल्यावर आणि २० टक्के शेवटी.
६ तारखेला ड्राफ्ट आला. दिसायला छान आहे पण बऱ्याच गोष्टी बदलायच्या आहेत, काही तर चक्क चुकाच आहेत. आता घरात दोन पक्ष पडलेत. जाऊ आणि नवरा म्हणतात दुरुस्ती होईपर्यंत एक पैसा देऊ नकोस. मला वाटतं ठरलंय तर द्यावे, पण मग तो नीट दुरुस्त करेल का ही भीती. आणि परत पाठवताना लिहू कसं, म्हणजे मुलगा चांगला आहे, दुखावायचा नाहीये पण काम तर व्हायला हवं. अनुभवी लोकांनी सांगा.

अर्धा_कटिंग
मेतकूट कुठे मिळेल ते आधी सांगा, सल्ला नंतर.

घोडबंदरी
अजिबात देऊ नका. पैसे गेले की माणूस गेला. आमच्या फ्लॅटच्या किचनचं काम दिलेलं एका सुताराला, अर्ध्याहून जास्त रक्कम घेऊन बसला आणि मग रोज "उद्या येतो साहेब". ट्रॉलीचे चॅनल आजपर्यंत वाकडे आहेत. तेव्हापासून माझा एकच नियम, काम शंभर टक्के मनासारखं झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. तुमच्या जाऊबाई बरोबर बोलतायत.

पेनटूल
@घोडबंदरी, मी स्वतः फ्रीलान्स डिझायनर आहे, नेरूळला असते. "मनासारखं झाल्याशिवाय" हीच ती ओळ जिच्यामुळे आम्ही रात्री झोपत नाही. मन कुणाचं? आज तुमचं, उद्या मिसेसचं, परवा व्हॉट्सॅप ग्रुपवरच्या मामांचं. काम परत येणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते "जरा मजा येत नाहीये, बघ ना काहीतरी" असा व्हॉइस मेसेज येतो आणि त्यासोबत ठरलेला हप्ता गायब होतो तेव्हा.
रानजाई ताई, तुम्ही विचारताय हेच खूप आहे.

रबाळेकर
मी एका कंपनीत पॅकेजिंगची खरेदी बघतो, रबाळे एमआयडीसीत. लेबल, पाऊच, खोके, सगळं बाहेरच्या लोकांकडून करून घेतो, त्यामुळे आर्टवर्क परत पाठवणं हे रोजचंच काम. सल्ला देण्याआधी दोन गोष्टी हव्यात. एक, हप्त्याबद्दल लेखी नेमकं काय आहे, शब्द जसेच्या तसे टाका. "ड्राफ्ट आल्यावर" आणि "ड्राफ्ट मंजूर झाल्यावर" यात तुमच्या घरातलं सगळं भांडण मिटतं. दोन, काय काय बदलायचंय ती यादी. जशी आहे तशी टाका, नीटनेटकी करू नका.

रानजाई
धन्यवाद रबाळेकर. ईमेलमध्ये असं आहे: "दुसरा हप्ता ९,६०० रुपये, तिन्ही लेबलांचा पहिला ड्राफ्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत. तिसरा हप्ता ४,८०० रुपये, छपाईच्या फायली मिळाल्यापासून ७ दिवसांत. दोन वेळा बदल समाविष्ट." म्हणजे १३ तारखेपर्यंत द्यायचे आहेत. आज ९.

यादी, आम्ही दोघींनी मिळून केलेली:
कुळथाच्या लेबलवर एफएसएसएआयचा नंबर नाहीये, बाकी दोनवर आहे. गोड्या मसाल्याचा हिरवा फार गडद वाटतो. लोगो मोठा हवा. मेतकुटाच्या मागच्या बाजूला मराठी फुटलंय, "मिरी"ची वेलांटी भलतीकडेच गेलीये. बारकोड मरून रंगात केलाय, छान दिसतो पण चालतो का माहीत नाही. कुळथाच्या जागी जो फोटो आहे तो मसुरीचा आहे (जाऊ हसून हसून लोळली). पाऊच आता १० बाय १५ ऐवजी १२ बाय १८ सेंटिमीटरचा घ्यायचं ठरतंय. थालीपीठ भाजणीचं चौथं लेबलही त्यातच बसवता येईल का. आणि एकूण जरा घरगुती वाटायला हवं.

अर्धा_कटिंग
कुळथाच्या पाकिटावर मसूर 😂 कोकणातला माणूस दुकानातच कोर्ट भरवेल.

पेनटूल
शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. "एकूण जरा घरगुती."

रबाळेकर
चला. आता उत्तर देता येतं.

आधी पैशाचं. तुमच्या ईमेलमध्ये हप्ता "मिळाल्यापासून" आहे, मंजुरीपासून नाही. तिन्ही लेबलं ६ तारखेला मिळाली. म्हणजे ९,६०० हे १३ पर्यंत देणं लागतं, ड्राफ्ट आवडो न आवडो. तो हप्ता पहिल्या आराखड्याच्या मेहनतीचा आहे. ड्राफ्टमध्ये चुका असणार हे तुम्ही दोघांनी आधीच मान्य केलंय, नाहीतर "दोन वेळा बदल" लिहिलंच नसतं. तुमचा जोर शेवटच्या ४,८०० वर आणि छपाईच्या फायलींवर आहे. तो जोर मधल्या हप्त्यावर वापरलात की करार तुम्ही मोडला असं होतं, आणि मग पुढे तो एक आठवडा उशीर करेल तेव्हा तुम्हाला बोलायला तोंड उरत नाही.

आता यादी. यात तीन वेगळ्या जातीची कामं एकत्र मिसळली आहेत, ती आधी निवडा, तांदळातून खडे निवडतो तशी.

पहिली जात म्हणजे जे तुम्ही सांगितलं होतं आणि झालं नाही, किंवा उघड चूक आहे. एफएसएसएआयचा नंबर, फुटलेलं मराठी, मसुरीचा फोटो. ही त्याने फुकटच करायची, आणि माझ्या मते दोन वेळांच्या हिशोबातही धरायची नाहीत. दुसरी जात म्हणजे आवडनिवड. हिरवा रंग, लोगो. ही तुमच्या दोन फेऱ्यांमध्ये बसतात, हक्काने सांगा, पण चूक म्हणून सांगू नका. तिसरी जात म्हणजे नवं काम. चौथं लेबल, आणि पाऊचचा बदललेला आकार. आकार बदलला की नुसतं ताणून चालत नाही, प्रत्येक लेबलची मांडणी पुन्हा करावी लागते. याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा, आणि मुख्य म्हणजे याच्यामुळे जुन्या २४,००० च्या तारखा हलता कामा नयेत.

बारकोडवर मी वेगळं लिहितो, तो गमतीशीर आहे. आणि "घरगुती" कशात टाकायचं ते तुम्हीच सांगा, मला तीनपैकी कुठल्याच जातीत बसवता आलं नाही.

घोडबंदरी
रबाळेकर, पटलं नाही. ज्या लेबलवर लायसन्स नंबर नाही ते लेबल कायद्याने बाजारात जाऊच शकत नाही. मग "तिन्ही लेबलं मिळाली" असं कसं म्हणता? अडीच मिळाली म्हणा. त्यामुळे हप्ता लागूच होत नाही.

रबाळेकर
मुद्दा चांगला आहे, आणि खरंच एक लेबल आलंच नसतं तर मी तुमच्या बाजूने असतो. तेव्हा टप्पा पुरा झालाच नाही असं सरळ म्हणता येतं, मात्र ते त्याच दिवशी कळवायचं, १३ तारखेला पैसे मागायला आल्यावर नाही. इथे लेबल आहे, त्यात एक ओळ राहिली आहे. ड्राफ्ट बाजारात जात नाही, छपाईची फाइल जाते. ती नंबराशिवाय आली तर तिसरा हप्ता शंभर टक्के थांबवा.

पेनटूल
आणि नंबर राहिला कारण बऱ्याचदा क्लायंट तो उशिरा देतो. ताई, कुळथाचा मजकूर त्याला बाकीच्यांसोबतच दिला होता ना?

रानजाई
हो, एकाच वर्ड फाइलमध्ये. नंबर तिन्हीला एकच आहे, १४ आकडी, दोन लेबलांवर बरोबर टाकलाय त्याने.

पेनटूल
मग ती निव्वळ त्याची नजरचूक. बिनधास्त पहिल्या जातीत.

ठाणेकर_जोशीबुवा
इतका विचार कशाला करताय, कायदाच आहे. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. म्हणजे तुम्हाला आरामात दीड महिना आहे. दुरुस्ती करून घ्या, मग द्या. ईमेलमधले ७ दिवस वगैरे कोण बघतंय.

वहीखाते
जोशीबुवा, ४५ चा आकडा खरा पण उलटा धरलात. मी आयुष्यभर लोकांचे हिशोब लिहिलेत म्हणून बोलतो. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की लेखी तारीख ठरली असेल तर त्या तारखेला द्या, आणि ती ठरवतानाही माल किंवा काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे नेऊ नका. म्हणजे ४५ ही वरची मर्यादा झाली, सवलत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. रानजाईंचं ७ दिवस ठरलंय, तर ७ च. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. अर्थात हे सगळं तो डिझायनर उद्यम पोर्टलवर नोंदलेला असेल तर.

पण याच कायद्यात रानजाईंच्या कामाची एक गोष्ट आहे जी फारसं कुणी वाचत नाही. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर काम मिळालं त्याच दिवशी तुम्ही ते स्वीकारलं असं धरतात. लेखी हरकत घेतलीत तर ती हरकत दूर होईल तो दिवस स्वीकारल्याचा. तोंडी सांगितलेलं, फोनवर कुरकुरलेलं मोजत नाही. म्हणून दुरुस्तीची यादी लेखी आणि लवकर जायला हवी, ६ तारखेचं काम असेल तर २१ च्या आत कुठल्याही परिस्थितीत.

ठाणेकर_जोशीबुवा
बरं, मग हरकत घेतली की घड्याळ थांबलं ना? मग तर माझंच बरोबर ठरलं, यादी पाठवा आणि पैसे थांबवा.

वहीखाते
कायद्यातलं स्वीकारण्याचं घड्याळ थांबेल. पण तुमच्या ईमेलमधलं घड्याळ "मिळाल्यापासून" चालू आहे, त्याचा स्वीकारण्याशी संबंधच ठेवलेला नाही तुम्ही. उद्या वाद झालाच तर यावर दोन वकील दोन गोष्टी सांगतील. ९,६०० साठी दोन वकील करायचे का ते तुम्ही बघा.

एकटी_फ्रीलान्सर
मी पण खूप दिवस अडकलेय, माझ्या क्लायंटने तीन महिने झाले पैसे दिले नाहीत, कंटेंट रायटिंगचं काम होतं, आता फोन पण उचलत नाही. काय करावं? प्लीज मदत करा.

वहीखाते
@एकटी_फ्रीलान्सर, हा धागा पैसे देणाऱ्या बाजूचा आहे, तुमचं उलटं आहे. उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

रबाळेकर
आता बारकोड. डिझायनर लोकांना बारकोड म्हणजे सुंदर साडीवर लागलेलं किंमतीचं लेबल वाटतं, म्हणून ते त्याला रंगवतात. पण दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. लाल प्रकाशात पांढरा कागद उजळ दिसतो आणि लाल रेघही जवळपास तितकीच उजळ दिसते, म्हणजे स्कॅनरला तिथे रेघच नाही. काळा, गडद निळा, गडद हिरवा चालतो. लाल, नारिंगी चालत नाही, आणि मरून मधल्यामध्ये लटकतो, त्यात लाल किती आहे त्यावर. घरी बघायचं असेल तर प्रिंट काढून त्यावर लाल जिलेटिन पेपर धरा, भेटवस्तूला गुंडाळतात तो. रेघा फिक्या पडल्या तर स्कॅनरलाही पडणार.

हा मुद्दा यादीत लिहिताना "मरून नको, काळा कर" एवढंच लिहू नका, कारणही लिहा. नाहीतर तो आवडनिवड समजून वाद घालेल.

पेनटूल
घालेलच. मी पण घातला असता, मला ही लाल प्रकाशाची गोष्ट आत्ता कळली 🙈
पण मग हा मुद्दा पहिल्या जातीत की दुसऱ्या? ताईंनी बारकोडचा रंग सांगितलाच नव्हता ना.

रबाळेकर
बारकोड स्कॅन व्हायला हवा हे सांगावं लागत नाही. माझ्या हिशोबात चूक.

पेनटूल
माझ्या हिशोबात अर्धी चूक. पण असो, रंग बदलायला पाच मिनिटं लागतात, त्यावरून महायुद्ध नको.
ताई, तुम्ही मेसेजचा मसुदा इथे टाका, आपण बघू. दोन विनंत्या. एक, एकाच माणसाकडून एकाच वेळी जाऊ दे. तुमची ईमेल, जाऊबाईंचे व्हॉइस नोट्स आणि नवऱ्याचा फोन असं तिकडून आलं की शेवटचा कोण ते आम्हाला कळत नाही. दोन, अडचण सांगा, उपाय आमच्यावर सोडा. "लोगो ३० टक्के मोठा कर" पेक्षा "दुकानात हातभर अंतरावरून नाव वाचता येत नाही" हे जास्त उपयोगी. कदाचित लोगो मोठा न करता मागचा रंग हलका केला की काम होईल.

अर्धा_कटिंग
हातभर अंतरावरून लोक मेतकूट वाचतात का? मी तर वासाने शोधतो.

रानजाई
हा बघा मसुदा. "घरगुती" वर आम्ही दोघी बसून बोललो तेव्हा कळलं की जाऊला पुढचं बारीक इंग्रजी नको होतं आणि नाव मराठीत मोठं हवं होतं, एवढंच. तर ते तसंच लिहिलंय.

"नमस्कार. तिन्ही लेबलांचे ड्राफ्ट ६ तारखेला मिळाले, मांडणी आवडली. दुसरा हप्ता ९,६०० ठरल्याप्रमाणे १३ च्या आत देत आहोत. खालचे बदल हवे आहेत, पीडीएफवर त्याच नंबरांच्या खुणा केल्या आहेत.

अ. आधी दिलेल्या मजकुराशी न जुळणारं:
१. कुळीथ, मागची बाजू, खाली डावीकडे. एफएसएसएआय नंबर नाही. तुमच्याकडच्या वर्ड फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.
२. मेतकूट, मागची बाजू, साहित्याचा परिच्छेद. मराठी फुटलंय, 'मिरी' आणि 'हिंग' बघा. पूर्ण परिच्छेद पुन्हा तपासावा.
३. कुळीथ, पुढची बाजू. फोटो मसुरीचा आहे. आमच्याकडच्या कुळथाचा फोटो सोबत जोडलाय.
४. तिन्ही, बारकोड. मरून रेघा लाल प्रकाशाच्या स्कॅनरला नीट दिसत नाहीत, दुकानात अडचण येईल. पांढऱ्यावर काळ्या हव्यात.

आ. आमच्या पसंतीचे बदल, दोनपैकी पहिली वेळ:
५. गोडा मसाला, हिरवा रंग. छापल्यावर काळपट होईल अशी भीती वाटते, उजळ करता येईल का.
६. तिन्ही, पुढची बाजू. हातभर अंतरावरून नाव वाचता येत नाही. मराठी नाव ठळक हवं, त्याखालची इंग्रजी ओळ नको.

हे १६ पर्यंत मिळालं तर २३ पर्यंत छपाईच्या फायली होतील असं वाटतं. तिसरा हप्ता त्या फायली मिळाल्यापासून ७ दिवसांत, आधी ठरलंय तसाच.

पाऊचचा आकार बदलण्याचा आणि चौथ्या लेबलचा विचार चालू आहे. ते वेगळं काम धरून त्याचा खर्च आणि वेळ कळवा. त्याचा वरच्या तारखांशी संबंध नाही."

रबाळेकर
झकास. फक्त पाऊचचा आकार "विचार चालू आहे" असं ठेवू नका. १० बाय १५ वर तो सगळं पुरं करणार आणि महिन्याने तुम्ही १२ बाय १८ म्हणणार, म्हणजे दोनदा काम. आकार आज ठरवा. बदलणार असाल तर अ आणि आ ची दुरुस्ती थेट नव्या आकारावर होऊ दे आणि मांडणीचे जादा पैसे त्यात लिहून टाका.

पेनटूल
अगदी. आणि दोन नंबरमध्ये एक वाक्य घाला, की छपाईच्या फायलीत अक्षरं कर्व्ह करून दे. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसली की वेलांट्या अशा पळतात, आणि त्याच्याकडे बरोबर दिसून प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर तिथेही बिघडतात. कर्व्ह केलं की अक्षर म्हणजे चित्र होतं, मग हलत नाही. पण कर्व्ह करण्याआधी तुम्ही मजकूर वाचून घ्या, नंतर एक अक्षर बदलायलाही जीव जातो.

माझ्या बाजूची अजून एक गोष्ट, रागावू नका. तुम्ही त्याला १६ तारीख दिलीत, स्वतःला दिलीच नाहीत. १६ ला त्याने पाठवलं आणि तुम्ही १५ दिवस बघितलंच नाही, तर त्याचा तिसरा हप्ता तुमच्यामुळे लोंबकळतो. "आम्ही ३ दिवसांत उत्तर देऊ, नाही दिलं तर ही फेरी मंजूर समज" असं लिहा.

घोडबंदरी
हे मात्र धोक्याचं. गणपतीत घरी पाहुणे आले, उत्तर राहिलं, आणि मसूर मंजूर झाली तर?

पेनटूल
मंजूर नको तर "३ दिवसांनंतरचा उशीर तिसऱ्या हप्त्याच्या तारखेत धरायचा नाही" असं लिहा. परदेशी फ्रीलान्स साइटवर तर क्लायंट गप्प बसला की ठराविक दिवसांनी पैसे आपोआप सुटतात, अपवर्कवर १४ दिवस आहेत. तिथे बदल मागायचं बटण वेळेत दाबलं तरच थांबतात. थेट कामात असं काही नसतं म्हणून आपणच लिहायचं.

घोडबंदरी
तुमचं ठीक आहे, पण २० टक्के शेवटी म्हणजे फारच कमी. ४,८०० सोडून माणूस पळून जाऊ शकतो.

रबाळेकर
यावर सहमत. पुढच्या वेळी ३०, ३०, ४० ठरवा, तेवढ्याने शेवटपर्यंत दोघांनाही ओढ राहते. पण या कामाचं गणित मध्येच बदलायचं नाही.

पेनटूल
४० शेवटी ठेवणाऱ्या क्लायंटला मी नमस्कार करते. एवढं बोलून खाली बसते.

रानजाई
अपडेट. पाऊच १२ बाय १८ नक्की केला, मसुद्यात बदल करून १० ला संध्याकाळी पाठवला, पैसे ११ ला पाठवले. त्याचं उत्तर आलंय. एक, दोन, तीन लगेच मान्य, मसुरीसाठी माफी मागितली (त्याने कुळीथ कधी खाल्लेलं नाही म्हणे, जाऊने त्याला पाकीट पाठवायचं ठरवलंय). आकारासाठी तिन्ही लेबलांचे मिळून ३,००० आणि २० तारीख मागतोय, चौथ्या लेबलचे ७,०००.
बारकोडवर मात्र अडलाय. म्हणतो माझ्या फोनवर स्कॅन होतोय, हा पसंतीचा बदल आहे, पहिल्या फेरीत धरा.

रबाळेकर
फोनचा कॅमेरा रंगीत फोटो काढून वाचतो, त्याला मरून चालतो. दुकानातला स्कॅनर वेगळा. त्याला म्हणावं प्रिंट घेऊन कुठल्याही किराणा दुकानात बिलिंगच्या स्कॅनरखाली धर.

पेनटूल
आणि धरा ना पहिल्या फेरीत, काय बिघडतं? तुमची पसंतीची यादी दोनच ओळींची आहे, ती फेरी तशीही याच वेळी जाणार.

रबाळेकर
या वेळी बिघडत नाही. पण चूक फेरीत धरली की पुढच्या वेळी चारही चुका फेरीत धरतो म्हणेल.

वहीखाते
आकाराचे ३,००० आणि चौथ्या लेबलचे ७,००० यांची बिलं वेगळी मागा, जुन्या बिलात मिसळू नका. नाहीतर तिसरा हप्ता ४,८०० चा होता की ७,८०० चा यावर पुढचा धागा निघेल.

रानजाई
वेगळीच मागते काका. बारकोडचं प्रिंट काढलंय, नवरा आज नौपाड्याच्या त्या दुकानात घेऊन गेलाय. जिलेटिन पेपर घरात होताच, त्यात रेघा फिक्या झाल्या पण पूर्ण गेल्या नाहीत, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं मध्येच लटकलंय. दुकानदाराचा स्कॅनर एकदा वाचतो आणि दोनदा नाही असा निरोप आलाय.

अर्धा_कटिंग
म्हणजे तीन पाकिटांतली दोन फुकट. दुकानाचा पत्ता द्या.